‘दिलीस’मधला स

‘तू मला पोळी दिलीस.’ या चार शब्दांच्या वाक्यातला शेवटचा शब्द दोघांची चाकरी करतो. त्यातली ‘ली’ पोळीची आहे आणि ‘स’ तुझा आहे. पोळीऐवजी लाडू आला की ‘दिलास’ होते, केळं आले की ‘दिलंस’. देणारा बदलून ‘तुम्ही’ झाला की ‘दिलीत’. इंग्रजीत हेच वाक्य बोलताना ‘गेव्ह’ जागचा हलत नाही. देणारा कोणी असो, दिलेली वस्तू कुठलीही असो, एक असो की डझनभर, ‘गेव्ह’ तो ‘गेव्ह’च.

इंग्रजी आधीपासून अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तीन लिंगे होती आणि तीही मराठीइतकीच तऱ्हेवाईक. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि बाईसाठी असलेला ‘वीफ’ हा शब्द चक्क नपुंसकलिंगी. पुढे शब्दांची शेपटे झिजली आणि त्यांच्याबरोबर लिंगेही गेली. उरली ती ‘ही’, ‘शी’, ‘इट’ ही सर्वनामे, आणि तीही व्यक्तीकडे पाहून ठरणारी, शब्दाकडे पाहून नव्हे. जहाजाला ‘शी’ म्हणणारे काही खलाशी सोडले, तर निर्जीव वस्तूंचा प्रश्न तिथे मिटला.

मराठीत तो मिटलेला नाही, म्हणून लिंगविचार म्हटला की लेखकमंडळी नामांच्या याद्या घेऊन बसतात. आकारान्त घोडा पुल्लिंगी, ईकारान्त घोडी स्त्रीलिंगी, मग पाणी, दही, लोणी नपुंसकलिंगी का आणि हत्ती, मोती पुल्लिंगी का. बस ‘ती’ कशी, ट्रक ‘तो’ कसा, टेबल ‘ते’ कसे. या याद्या पाठ करण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही, तेव्हा त्यांना इथे रामराम. प्रस्तुत लेखकाची तक्रार वेगळीच आहे. मराठीतले लिंग हे नामाचे ओझे आहे, ते टाकून दिले की भाषा सुटसुटीत होईल, असे सांगणारा एक विद्वान वर्ग अधूनमधून डोके वर काढतो. लिंगाचा खरा संसार क्रियापदात मांडलेला असतो, याचा या मंडळींना पत्ताच नसतो.

क्रियापद चालते एका साध्या नियमाने: वाक्यात ज्या नामाला विभक्तीचा प्रत्यय लागलेला नाही त्याच्या मागे ते जाते, आणि अशी दोन असली तर कर्त्याच्या मागे. ‘राम आंबा खातो’, ‘सीता आंबा खाते’ इथे ते कर्त्यामागे आहे. भूतकाळात कर्म असले की कर्त्याला ‘ने’ लागतो, मग ते आंब्यामागे वळते: ‘सीतेने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’. कर्मालाही ‘ला’ लागला की धरायला कोणीच उरत नाही आणि ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबते: ‘सीतेने मुलींना बोलावलं’. कर्तरी, कर्मणी, भावे ही शाळेत धडकी भरवणारी त्रयी एवढीच आहे. इंग्रजीभाषक शिकाऊ माणूस अडखळतो तो याच वळणावर. तो बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदाला चिकटवतो आणि ‘मी पोळी खाल्लो’ म्हणतो. बाई असेल तर ‘मी पोळी खाल्ली’ हे तिच्या तोंडून बरोबर येते, पण चुकीच्या कारणाने. ती पुढे ‘मी आंबा खाल्ली’ म्हणते तेव्हाच चूक उघडकीला येते.

आता ‘स’. वरच्या नियमात ‘मी’ आणि ‘तू’ बसत नाहीत, कारण भूतकाळात त्यांना ‘ने’ लागलेला दिसत नाही. जुन्या मराठीत त्या जागी ‘म्यां’ आणि ‘त्वां’ ही तृतीयेची रूपे होती. ती मागे पडली, उघडे ‘मी’ आणि ‘तू’ आले, पण क्रियापदाने कर्माचा हात सोडला नाही. मात्र समोर उघडा ‘तू’ उभा आहे म्हटल्यावर ‘तू गेलास’, ‘तू आलीस’ यांतला ‘स’ इथेही येऊन बसला. असा हा एकाच क्रियापदात कर्ता आणि कर्म दोघांचा मान राखणारा प्रकार. व्याकरणकारांनी त्याला ‘कर्तृ-कर्म-संकर’ असे नाव दिले. नावात जरा नाराजीचा वास येतो, पण वस्तू फार देखणी आहे.

हिंदीत ‘तूने रोटी दी’ म्हटले की ‘दी’ रोटीची झाली, ‘तू’ला तिथे जागा नाही. मराठीने दोघांना जागा दिली. असेच दोघांना सामावून घेणे तिला इतरत्रही जमते. ‘तिचा भाऊ’ यात ‘ति’ बहिणीकडे बोट दाखवते आणि ‘चा’ भावाकडे. इंग्रजीतल्या ‘हर’ला फक्त बहीण दिसते.

अपवाद आहेत, आणि ते चुका नव्हेत. ‘ती लुगडं नेसली’, ‘तो धडा शिकला’, ‘ती नाव विसरली’. कर्म असूनही कर्त्याला ‘ने’ लागत नाही आणि क्रियापद कर्त्याचेच ऐकते. नेसणे, शिकणे, विसरणे या क्रियांचा परिणाम करणाऱ्यावरच होतो, हे त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. पण खाण्याचा परिणामही खाणाऱ्यावरच होतो, तरी ‘तो पोळी खाल्ला’ होत नाही. कारण इथवरच पोचते.

नपुंसकलिंगाबद्दल एकच गोष्ट. दाराची कडी वाजली की आतून आवाज येतो, ‘कोण आलंय?’ बाहेर बाई आहे की बाप्या हे अजून ठाऊक नाही, म्हणून नपुंसकलिंग. नवरा-बायको दोघे आली की ‘दोघंही आली’, तेही नपुंसकलिंगी अनेकवचन. इंग्रजीत लिंग न कळलेल्या एकट्या माणसासाठी ‘दे’ वापरावे की नाही यावर बरीच शाई आटली. मराठी माणूस कडी काढण्याआधीच तो प्रश्न सोडवून मोकळा होतो.

हल्ली मात्र ‘तू काय केलं?’, ‘तू फोन का नाही उचलला?’ असे सर्रास ऐकू येते. मालिकांतल्या सुना असेच बोलतात, जाहिरातीही असेच विचारतात. काही बोलींत हा ‘स’ पूर्वीपासूनच नाही. त्यांच्याशी भांडण नाही, तिथे त्याच्यावाचून कोणाचे अडलेले नाही. ज्यांच्या आज्या ‘केलंस’ म्हणत होत्या त्यांच्या घरातून तो जातो आहे, हे दुखते.

मागे एका अंकासाठी प्रस्तुत लेखकाने याच विषयावर टिपण पाठवले होते. मुद्रितशोधन करणाऱ्या तरुणीने ‘दिलास’, ‘दिलीस’, ‘दिलंस’ या सगळ्यांतले ‘स’ लाल शाईने काढले. ‘तू मला पोळ्या दिल्यास’ हे एकच वाक्य तिने तसेच ठेवले होते. समासात प्रश्न होता: ‘दिल्यास काय होईल? वाक्य अपुरे वाटते.’