व्यावसायिक पत्राचा एक नमुना : रिकामी पॅलेट परत नेण्याविषयी पुरवठादारास पत्र

मागणीपत्र आणि तक्रारपत्र यांचा परिचय आपण करून घेतला आहे. या दोहोंच्या सीमेवर उभे असणारे एक पत्र आता पाहू. त्यासाठी नवी मुंबईतील शिरवणे येथील फरश्यांच्या एका लहान दुकानाची कल्पना करा. शिरवणे हे मूळचे गाव. नवे शहर त्याच्या भोवती वसले, पण गावठाणातील गल्ल्या अरुंदच राहिल्या. फरश्यांची खोकी लाकडी पॅलेटवर रचून, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून भिवंडीच्या गोदामातून येतात. गल्लीत यंत्र शिरत नसल्याने हमाल खोकी हातोहात उतरवतात. मग रिकामे पॅलेट गाडीत जागा अडवू नये म्हणून चालक तेही दुकानापाशी ठेवून जातो.

असे एक पॅलेट १२०० × १००० मि.मी. आकाराचे असेल, तर ते सुमारे १३ चौरस फूट जागा व्यापते. दोनशे चौरस फुटांच्या दुकानात अशा दोन थप्प्या उभ्या राहिल्या की जागेचा आठवा हिस्सा गेला. रस्त्यावर ठेवावीत तर वाट अडते, आणि रोजचा कचरा नेणारी गाडी एवढी अवजड वस्तू सहसा उचलत नाही. दुकानदाराला पत्र लिहावे लागते ते या अडचणीतून.

लिहिण्यापूर्वी : पॅलेट कोणाचे?

‘परत’ हा शब्द लिहिताच वस्तू समोरच्याची आहे, असे आपण गृहीत धरतो. म्हणून आधी बीजक पाहावे. पॅलेटची किंमत किंवा अनामत बीजकात वेगळी लावली आहे का? किंमत लावली असेल, तर पॅलेट दुकानदाराच्या मालकीचे झाले. अशा वेळी पत्रात ‘परत घेऊन त्याची रक्कम खात्यात जमा करावी’ असे म्हणावे लागते. अनामत घेतली असेल, तर ती परत मिळण्याचा उल्लेख हवा. बीजकात काहीच नोंद नसेल, तर दोन्ही बाजूंवर स्पष्ट बंधन नसते. आपले पत्र या तिसऱ्या परिस्थितीतील आहे. म्हणून ते मागणीचे नसून विनंतीचे आहे.

येथे विद्यार्थ्यांकडून एक चूक वारंवार होते. पत्राला वजन यावे म्हणून ‘कायद्यानुसार आपणांवर बंधनकारक आहे’ असे वाक्य घातले जाते. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी प्लास्टिक वेष्टनाची जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि नाममुद्रेचे मालक यांच्यावर टाकली आहे, हे खरे. पण लाकडी पॅलेट म्हणजे प्लास्टिक नव्हे, आणि गोदामवाला वितरक या तिघांपैकी असेलच असे नाही. चुकीचा आधार दिला की पुरवठादार त्या आधाराचेच खंडन करतो आणि मूळ विनंती बाजूला पडते.

नमुना पत्र

दि. ५ मार्च
प्रति,
मा. व्यवस्थापक, वितरण विभाग,
अ. ब. क. टाइल्स, भिवंडी

विषय : १४ रिकामी लाकडी पॅलेट परत नेण्याबाबत.
संदर्भ : आपली बीजके क्र. ४१, ५८ व ७३.

महोदय,
स. न. वि. वि.

संदर्भात नमूद केलेल्या तीन खेपांबरोबर आलेली १४ लाकडी पॅलेट (१२०० × १००० मि.मी.) आमच्या दुकानात जमा आहेत. त्यांपैकी ९ सुस्थितीत असून ५ पॅलेटच्या फळ्या तुटल्या आहेत. दुकान लहान असल्याने ती ठेवण्यास जागा उरलेली नाही.

मंगळवार, दि. १२ मार्च रोजी आपली गाडी माल घेऊन येणार आहे. त्या फेरीत आमचे दुकान शेवटचे ठेवल्यास परतीच्या गाडीतून ही पॅलेट न्यावीत, ही विनंती. पॅलेट गाडीत चढवण्यासाठी आमची दोन माणसे उपस्थित राहतील. तुटलेली पॅलेट नको असल्यास तसे कळवावे; त्यांची व्यवस्था आम्ही करू.

चालकास तशी लेखी सूचना द्यावी व नेलेल्या पॅलेटची संख्या चलानावर नोंदवून त्याची प्रत आम्हांस मिळावी. पुढील खेपांपासून रिकामी पॅलेट त्याच गाडीतून परत जावीत, अशी व्यवस्था झाल्यास आम्ही आभारी राहू. आपले उत्तर दि. ९ मार्चपर्यंत अपेक्षित आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
(सही व दुकानाचा शिक्का)

पत्राची भाषा

या पत्रात सर्वाधिक भार क्रियापदावर आहे. ‘पॅलेट परत पाठवत आहोत’ असे लिहिले, तर गाडीभाडे दुकानदाराकडे येते. ‘परत घ्यावीत’ म्हटले, तर ती भिवंडीला कोणी पोहोचवायची हे मोघम राहते. ‘परतीच्या गाडीतून न्यावीत’ या शब्दांनी वाहतूक पुरवठादाराची ठरते, आणि जादा फेरी लागणार नाही हेही त्याला कळते. मराठीत ‘नेणे’, ‘घेणे’ आणि ‘पाठवणे’ या क्रियापदांत वस्तूची दिशा आणि कर्ता दोन्ही सामावलेले असतात. व्यवहारात त्यावरून खर्च कोणाचा हे ठरते.

दुसरी बाब क्रियापदाच्या अर्थाची. ‘न्या’ हा आज्ञार्थ येथे उद्धट वाटेल. ‘न्याल का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर सोपे होते. ‘न्यावीत’ या विध्यर्थात विनंती आणि अपेक्षा यांचा तोल राहतो. ‘पॅलेट’ हा शब्द येथे नपुंसकलिंगी मानला आहे, म्हणून ‘न्यावीत’, ‘जावीत’. उसन्या शब्दाचे लिंग एकदा ठरवले की ते पत्रभर पाळावे.

तिसरी बाब तपशिलाची. ‘बरीच पॅलेट पडून आहेत’ या वाक्यावरून वितरण विभागाला गाडीतील जागा ठरवता येत नाही. संख्या, आकार आणि स्थिती या तीन गोष्टी मिळाल्या की निर्णय घेता येतो. तुटलेल्या पॅलेटचा उल्लेख टाळला, तर चालक ती पाहून सगळीच नाकारण्याचा संभव असतो.

पत्र कोठे अडते?

अनेकदा व्यवस्थापक होकार देतो, पण मंगळवारी चालक म्हणतो, “मला कोणी काही सांगितलेले नाही.” लेखी सूचनेचे वाक्य त्यासाठी आहे. चलानावरील नोंद नसेल, तर महिन्याभराने किती पॅलेट गेली याचा वाद उभा राहतो. शिवाय या पत्राला एक मर्यादा आहे. गाडी परतीच्या वाटेवर दुसरा माल उचलणार असेल, तर पॅलेटना जागा नसते. अशा वेळी पुरवठादाराचा नकार रास्त असतो. त्याला दुसरा दिवस सुचवावा. नकाराचे पत्र आले म्हणून लगेच तक्रारपत्र लिहू नये. होकार देऊनही पॅलेट नेली नाहीत, तरच तक्रारपत्राचा प्रसंग येतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. पॅलेटची किंमत बीजकात लावलेली आहे असे समजून वरील पत्राचा दुसरा परिच्छेद पुन्हा लिहा.
२. ‘पॅलेट उचलण्याची व्यवस्था व्हावी’ या वाक्यात कर्ता कोण आहे? त्यामुळे खर्चाच्या प्रश्नावर काय परिणाम होतो, ते चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.