दोन रोग्यांची एक चिठ्ठी

गुप्तरोगाची तक्रार घेऊन कोणी प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, तेव्हा जंतूंची तपासणी करण्याची सोय तेथे बहुधा नसते. आणि ती असली, तरी अहवाल येईपर्यंत असा रोगी थांबेल याची शाश्वती नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेली ‘लक्षणसमूहावरून उपचार’ ही पद्धती आपल्याकडेही रूढ झाली. जंतू नेमका कोणता हे शोधीत न बसता, त्या लक्षणामागे जे जे जंतू संभवतात त्या सर्वांवर एकदमच औषध द्यावयाचे, अशी ही रीत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने तिच्यासाठी निरनिराळ्या रंगांची औषधांची पाकिटेही करविली. पद्धतीविषयी आमची तक्रार नाही. प्रश्न उभा राहतो तो पाकीट दिल्यानंतर, कारण या रोगात रोगी कधीच एकटा नसतो.

समजा, एक तारवटी रजेवर घरी आला आहे. वाटेतील बंदरात जे घडावयाचे ते घडून गेले. घरी पोचल्यावर दोन दिवसांनी लघवीला जळजळ आणि पू सुरू झाला. आपल्याकडे ज्याला परमा म्हणतात तो हाच. डॉक्टर पू प्रत्यक्ष पाहतो आणि करड्या पाकिटातील अझिथ्रोमायसिन एक ग्रॅम व सेफिक्झिम चारशे मिलिग्रॅम आपल्यासमोरच घ्यावयास लावतो. औषधे दोन एवढ्यासाठी, की परम्याच्या जंतूबरोबर क्लॅमिडिया हा दुसरा जंतू पुष्कळदा असतो व डोळ्यांनी त्यांतला फरक कळत नाही. उपदंश व एचआयव्ही यांसाठी रक्त घेतले जाते आणि सात दिवस शरीरसंबंध वर्ज्य करण्यास सांगितले जाते. पुरुषांच्या बाबतीत ही पद्धत खरोखर चांगली चालते.

परंतु त्या दोन दिवसांत पत्नीला लागण झालेली असू शकते. तिची काहीच तक्रार नाही, आणि नेमका धोका तेथेच आहे. गर्भाशयमुखाशी बसलेला हा जंतू बहुसंख्य स्त्रियांत मुकाट राहतो, पण वर चढून गर्भनलिका बिघडवू शकतो. पुढे मूल न होणे अथवा गर्भ नलिकेतच राहणे, ही त्याची फळे. शिवाय तिला औषध मिळाले नाही, तर नवऱ्याचे बरे होणे पुढील संबंधापुरतेच. तो आठवड्याने पुन्हा पू घेऊन आला, तर औषध निकामी ठरले असे म्हणण्यापूर्वी ‘बायकोला औषध दिले काय?’ हे विचारावयास हवे. दिले असेल व पथ्यही पाळले असेल, तरच औषधाला न जुमानणाऱ्या जंतूचा संशय घेऊन त्याला मोठ्या इस्पितळात पाठवावे. हा संशय पोकळ नव्हे; अनेक देशांनी याच कारणाने सेफिक्झिम मागे सारून सेफ्ट्रिआक्सोनचे इंजेक्शन स्वीकारले आहे.

तेव्हा निरोप गेलाच पाहिजे, आणि तो चिठ्ठीने जातो. चिठ्ठीवर रोगाचे नाव नसावे, केवळ क्रमांक व तारीख असावी. ‘लघवीच्या मार्गाला संसर्ग आहे, तुलाही दाखवायला बोलावले आहे’ एवढेच त्याने घरी सांगितले तरी आम्हांस ते पुरेसे वाटते. कबुलीजबाब घेणे हे डॉक्टरचे काम नव्हे. मात्र गोळ्या त्याच्याच हाती देण्यापेक्षा तिने स्वतः यावे हे बरे, कारण ती गरोदर आहे काय, तिला कोणते औषध सोसत नाही, हे तिलाच विचारावे लागते.

आता हेच उलट पाहा. एक स्त्री ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हणून येते. येथे मात्र लक्षण फसवे आहे. याच शतकाच्या आरंभी उत्तर गोव्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी झाली. शंभरात चौदा-पंधरा जणींची ही तक्रार होती. पण लैंगिक संबंधातून जडणारे रोग शंभरात चारांच्या आसपासच आढळले. तक्रारीचा संबंध जंतूंपेक्षा मनाच्या ताणाशी व खिन्नतेशी अधिक घट्ट निघाला. जो संसर्ग सापडला, तोही बहुतांशी योनीतील नेहमीच्या जंतूंचा तोल ढळल्याचा किंवा बुरशीचा. त्यावरून नवऱ्याच्या वर्तनाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. अशा स्त्रीच्या हाती नवऱ्यासाठी चिठ्ठी देणे म्हणजे पुराव्यावाचून घरात आग लावणे होय, आणि त्या आगीत बहुधा तीच होरपळते. मार खाऊन माहेरी येणे हा कोणत्याही पाकिटाचा अपेक्षित परिणाम नाही.

म्हणून तिच्या बाबतीत आधी आतून तपासणी हवी, आणि ‘तुमच्या मालकांना लघवीला जळजळ आहे काय? ते बाहेरगावी असतात काय?’ हे प्रश्न हवेत. गर्भाशयमुखाशी पू दिसला किंवा या उत्तरांतून संशय बळावला, तरच चिठ्ठी द्यावी. परंतु हे प्रश्न विचारावयाचे कोठे? टेबलाभोवती दहा बायका उभ्या असतात, त्यांत शेजारीण असते, कधी सासूही असते. अशा वेळी ती ‘नाही’ एवढेच म्हणते, आणि डॉक्टर तेच उत्तर कागदावर लिहून घेतो. आरोग्य खात्याने नव्या पाकिटांची मागणी नोंदविताना, किती केंद्रांत तपासणीच्या खोलीला दार आहे व त्या दाराला आतून कडी आहे, हेही एकदा मोजून पाहावे.