तीनशे जीबीतले उरले साडेचार

गिटलॅब ही प्रोग्रामर मंडळींचा कोड सांभाळणारी सेवा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचे अभियंते डेटाबेसच्या दुरुस्तीत गुंतले होते. डेटाबेस दोन सर्व्हरवर होता: मुख्य `db1` आणि त्याची नक्कल ठेवणारा `db2`. त्या संध्याकाळी डेटाबेसवरचा भार बेसुमार वाढला, `db2` मागे पडला आणि नक्कल उतरवणं बंद झालं.

नक्कल नव्याने घ्यायला `pg_basebackup` ही कमांड वापरतात, आणि तिला डेटाचं फोल्डर रिकामं लागतं. ती चालवली की काहीच न सांगता नुसती थांबून राही. खरं तर ती मुख्य सर्व्हरकडून माहिती सुरू होण्याची वाट पाहत होती, पण पडद्यावर तसं काही उमटत नव्हतं. फोल्डर नीट रिकामं नसेल, असं एका अभियंत्याला वाटलं. रात्र बरीच झाली होती. त्याने फोल्डर उडवण्यासाठी पुढची कमांड दिली:

```
rm -rf डेटाचं_फोल्डर
```

ही कमांड ‘नक्की ना?’ असं विचारत नाही, पुसलेलं कचरापेटीतही ठेवत नाही. आणि ती चालली होती `db1` वर. दोन्ही सर्व्हरच्या नावांत फरक एका आकड्याचा. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तेव्हा सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली, आणि खरा धक्का तिथे बसला. रोजचा बॅकअप ज्या ठिकाणी जमा व्हायचा, ते रिकामं होतं. बॅकअप घेणारं `pg_dump` पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचं होतं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते दर वेळी चूक दाखवून बंद पडत होतं. तशी सूचना देणारे ईमेल निघतही होते, पण त्यांच्यावर आवश्यक ती डिजिटल सही नसल्याने ते नाकारले जात होते. तक्रार येत नाही म्हणजे सगळं ठीक, अशीच समजूत राहिली. डिस्कचे स्नॅपशॉट घेण्याची सोय होती, पण डेटाबेसच्या सर्व्हरसाठी ती चालूच केलेली नव्हती.

तारून नेलं ते वेगळ्याच कामासाठी काढलेल्या एका प्रतीने. चाचणीच्या सर्व्हरवर ताजा डेटा हवा म्हणून घटनेच्या सुमारे सहा तास आधी कुणीतरी हाताने स्नॅपशॉट घेतला होता. त्या सर्व्हरच्या डिस्क संथ, त्यामुळे नुसता डेटा परत आणायलाच बरेच तास गेले. सेवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झाली. कंपनीने ही सगळी धडपड यूट्यूबवर थेट दाखवली आणि नोंदीही खुल्या ठेवल्या, हे मोठ्या धैर्याचं काम होतं.

लोकांचा कोड वेगळ्या जागी असल्याने तो शाबूत राहिला. पण मधल्या सहा तासांतले अंदाजे ५००० प्रकल्पांचे तपशील, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० च्या आसपास नवी खाती कायमची गेली. हरवलेल्या नोंदींचे क्रमांक नव्या नोंदींना मिळून घोटाळा होऊ नये, म्हणून सेवा सुरू करण्याआधी डेटाबेसमधले क्रमांक एक लाखाने पुढे ढकलण्यात आले.