पत्त्याच्या शेवटचा ठिपका

नारायण पेठेत मी पंचवीस वर्षं मुद्रितं तपासतो आहे. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेची प्रवेशपुस्तिका आमच्याकडून छापून गेली आणि आठवड्याभरात फोन सुरू झाले: नियमांचं पान उघडत नाही. एक आई पुस्तिका घेऊन थेट छापखान्यातच आल्या. मी म्हटलं, "ताई, माझ्यासमोर एकदा टाइप करून दाखवता का?" त्यांनी एकेक अक्षर बोटाने दाखवत पत्ता टाकला आणि पान सापडत नसल्याची पाटी पुन्हा आली. "छापलंय तसंच टाकतेय की," त्या म्हणाल्या. त्यांचं खरंच होतं. वाक्य पत्त्यावर संपत होतं, वाक्य संपलं म्हणून मी पूर्णविराम दिला होता, आणि त्यांनी तोही टाइप केला होता.

तेव्हापासून छापील वेबपत्त्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. पडद्यावर वाचणारा पत्त्यावर बोट ठेवतो आणि पुढे जातो. कागदावर वाचणाऱ्याला मात्र प्रत्येक खूण स्वतः उमटवावी लागते. त्यातली कोणती खूण पत्त्याची आणि कोणती आपली, हे त्याला कळायला काहीच मार्ग नसतो.

"पूर्णविराम तर सगळ्यांना कळतो"

हिंदीत वाक्य उभ्या दंडाने संपतं. मराठीत ते ठिपक्याने संपतं, आणि वेबपत्त्याचे भागही नेमक्या त्याच ठिपक्याने जोडलेले असतात. म्हणून हा घोळ आपल्याकडे हमखास होतो.

गंमत अशी, की तो प्रत्येक वेळी होत नाही, म्हणून छापणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. `mahresult.nic.in` असा नुसता पत्ता असेल आणि वाचकाने शेवटी ठिपका टाकला, तर बहुतेक वेळा पान उघडतं. नावांच्या व्यवस्थेत शेवटचा ठिपका म्हणजे सगळ्या नावांचं मूळ, त्यामुळे तो तिथे वैध आहे. पण पत्त्यात तिरकी रेघ आली की तिच्यापुढचा भाग त्या साइटवरच्या एखाद्या पानाचं नाव असतो. `/niyam` नावाचं पान आहे, `/niyam.` नावाचं नाही. आमच्या पुस्तिकेत हेच झालं होतं.

यावरचा उपाय मराठीच्या वाक्यरचनेतच आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. "नियमांसाठी पाहा:" असं लिहून पत्ता शेवटी टाकण्याऐवजी "नियम … या पत्त्यावर पाहावेत" असं लिहिलं, की ठिपका पत्त्यापासून लांब जातो. त्याहून चांगलं म्हणजे पत्ता स्वतंत्र ओळीत ठेवायचा, मागेपुढे काहीही नको.

"या पत्त्यावर" हे शब्द मी मुद्दाम घालतो. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. पत्ता रोमन अक्षरांत असला, तर चिकटलेला "वर" डोळ्यांना निदान वेगळा दिसतो. पण २०१४ पासून `.भारत` हा देवनागरी शेवट मिळू लागला आहे, त्यामुळे "वेबपत्ता इंग्रजीतच असतो" हाही आता गैरसमजच आहे. अशा देवनागरी पत्त्याला "भारतवर" असा प्रत्यय जोडला, तर पत्ता कुठे संपला हे वाचकाने ओळखायचं कसं? तिथे मोकळी जागा आणि वेगळा शब्द दोन्ही हवेत.

"ओळ पुरली नाही तर जोडरेघ देऊन तोडावा"

अरुंद स्तंभात लांब पत्ता आला की पानं लावणारं सॉफ्टवेअर तो इंग्रजी शब्दासारखा तोडतं. पुणे महापालिकेच्या मिळकतकराचा पत्ता घ्या. माहितीपत्रकाच्या तीन घड्यांपैकी एका घडीत तो असा बसू शकतो:

```
propertytax.punecor-
poration.org
```

या पत्त्यात जोडरेघ मुळात नाहीच. पण ती खऱ्या पत्त्यांतही असते, म्हणून इथे ती टाकायची की सोडायची हे वाचकाला ठरवता येत नाही. पत्ते कसे लिहावेत हे ठरवणाऱ्या आर.एफ.सी. ३९८६ या २००५ सालच्या दस्तऐवजाच्या परिशिष्टात छपाईवाल्यांची ही सवय चूक म्हणून नोंदवलेली आहे. ओळीच्या शेवटी आलेली जोडरेघ पत्त्यातली असेल किंवा नसेलही, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं, असा इशाराही तिथे आहे.

पत्ता तोडावाच लागला, तर ठिपक्याच्या किंवा तिरक्या रेघेच्या आधी तोडायचा, आणि स्वतःची कुठलीही खूण घालायची नाही:

```
propertytax
.punecorporation.org
```

दुसरी ओळ ठिपक्याने सुरू झाली की पत्ता अजून चालू आहे हे बघताक्षणी कळतं. ठिपक्यानंतर तोडलं, तर पहिली ओळ पूर्णविरामाने संपल्यासारखी दिसते. ज्या पत्त्यात खरीच जोडरेघ आहे, तो त्या रेघेपाशी कधीच तोडू नये.

अधोरेखनाचंही तसंच. वर्डमध्ये पत्ता टाइप केला की तो आपोआप निळा होतो आणि त्याच्याखाली रेघ येते. पत्त्यात खालची रेघ, म्हणजे `_`, असेल तर ती या रेघेत बुडून जाते आणि कागदावर तिथे मोकळी जागा दिसते. छपाईला देण्यापूर्वी ते अधोरेखन काढून टाका.

"अक्षरं तर स्वच्छ छापली आहेत"

स्वच्छ छापलेली अक्षरंही फसवतात. २०२४ पर्यंत पुण्यातले अकरावीचे केंद्रीय प्रवेश `pune.11thadmission.org.in` या पत्त्यावर होत. त्यातले दोन एक अनेक इंग्रजी फाँटमध्ये छोट्या l सारखे दिसतात. एरियलमध्ये तर छोटा l आणि मोठा I यांत डोळ्यांना फरकच सापडत नाही. व्हर्डानामध्ये मोठ्या I ला वरखाली आडव्या रेघा आहेत आणि एक या आकड्याला पाय आहे, म्हणून पत्त्यांसाठी मी तोच वापरतो. तरीही अशा पत्त्याखाली बारीक अक्षरांत "पहिल्या ठिपक्यानंतर अकरा हा आकडा, इंग्रजी अंकांत" एवढं लिहिणं कमीपणाचं नाही. मराठी पुस्तकात सगळे आकडे देवनागरी करण्याची आज्ञा एकदाच दिली जाते. त्या झपाट्यात पत्त्यातलं `11` हे ११ झालं, तर संगणकाच्या लेखी ते वेगळंच नाव होतं.

पुण्यातल्या डीटीपीवाल्यांना आणखी एक सांभाळावं लागतं. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच सांकेतिक जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. पत्त्यापुरता फाँट बदलायचा राहिला, तर पत्ता मराठी तुकड्यांचा गिचमिड होतो. ते प्रुफात लगेच दिसतं. पण जुनी फाइल युनिकोडमध्ये नेताना नीट असलेले पत्ते बिघडू शकतात, आणि दुसऱ्या आवृत्तीचं प्रूफ आपण तितकं बारकाईने वाचत नाही.

"मोठं अक्षर चुकलं की पत्ता चुकला"

हे अर्धंच खरं आहे, आणि खरा अर्धा भाग आपल्या कामाचा आहे. पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग, म्हणजे साइटचं नाव, लहानमोठ्या अक्षरांत फरक करत नाही. रेघेनंतरचा भाग मात्र करू शकतो. पुष्कळ सर्व्हरवर `/Niyam` आणि `/niyam` ही दोन वेगळी पानं असतात. म्हणून रेघेनंतरचं सगळं छोट्या अक्षरांत ठेवायला संस्थेला सांगावं, आणि रेघेआधीच्या मोकळीकीचा फायदा घ्यावा.

निकालाचा पत्ता पाहा. `mahresult.nic.in` मध्ये h नंतर a नाही. "महाराष्ट्र" मनात असलेला माणूस `maharesult` असं टाइप करतो आणि त्याला ती चूक दिसतही नाही, कारण डोळे ओळखीचाच शब्द वाचतात. तोच पत्ता `MahResult.nic.in` असा छापला की दोन तुकडे सुटे होतात. `Mah` इथे संपतं हे दिसतं आणि a घालायला हात जात नाही. `PropertyTax.PuneCorporation.org` हेही चालतं. मोठी अक्षरं कुणी टाइप केली नाहीत, तरी पान तेच उघडतं.

सुरुवातीचं `https://` बहुधा गाळता येतं, ब्राउझर ते स्वतः जोडतो. `www` मात्र न बघता गाळू नये. `www` असलेलं आणि नसलेलं ही तांत्रिकदृष्ट्या दोन नावं आहेत, आणि दुसरं नाव संस्थेने जोडून ठेवलेलंच असेल असं नाही.

"क्यूआर आहे, मग पत्ता कशाला?"

बालभारतीच्या पुस्तकांत दीक्षा ॲपसाठी क्यूआर कोड आहेत, आणि त्या प्रत्येक चौकोनाखाली सहा अक्षरांचा एक संकेतही छापलेला असतो. तो शोभेसाठी नाही. हीच पुस्तकं `ebalbharati.in` वरून पीडीएफ म्हणून उतरवून घेता येतात आणि बरीच मुलं ती फोनवर वाचतात. फोनच्या पडद्यावरचा क्यूआर त्याच फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरणार कसा? झेरॉक्सची झेरॉक्स काढली की चौकोनांचं जाळं भरून जातं, ते वेगळंच. अशा वेळी टाइप करता येईल असं काहीतरी खाली असावं लागतं.

लांब पत्ता नको म्हणून लघुपत्ता देणाऱ्या सेवा वापरतात. त्यांचे संकेत लहानमोठ्या अक्षरांची सरमिसळ असतात, आणि तिथे अक्षराचा आकार चुकला की सगळंच चुकतं. शिवाय सेवेचं आयुष्य आपल्या हातात नसतं. गूगलने `goo.gl` वर नवे लघुपत्ते देणं २०१९ मध्ये थांबवलं आणि २०२५ मध्ये वापरात नसलेले बंद केले. पाठ्यपुस्तक तर वर्षानुवर्षं दप्तरांतून फिरतं. सरकारी पत्तेही बदलतात: २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि त्यांचा पत्ता `mahafyjcadmissions.in` झाला. आधीच्या वर्षी छापलेली प्रत्येक पुस्तिका त्या दिवशी जुनी झाली.

म्हणून पुस्तकात दुसऱ्याचा लांब पत्ता न छापता प्रकाशकाने स्वतःच्या साइटवरचा एक छोटा पत्ता छापावा, सातव्या धड्यासाठी नुसतं `/dhada7`, आणि तिथून वाचकाला हव्या त्या पानावर वळवावं. वळवणाऱ्या माणसाला "तात्पुरतं, ३०२" असं सांगावं. कायमचं, म्हणजे ३०१, ठेवलं तर ब्राउझर जुनं ठिकाण लक्षात ठेवू शकतो आणि उद्या बदल केला तरी जुन्याच जागी जातो. मूळ पान हललं की एक ओळ बदलायची, छापलेली पुस्तकं तशीच चालू राहतात.

आमच्याकडे आता शेवटचं प्रूफ कागदावर निघालं की ते मी बाइंडिंगच्या मुलाकडे देतो. त्याने त्या पुस्तकाचं काम केलेलं नसतं. त्याने स्वतःच्या फोनवर, मराठी कीबोर्ड लावलेला असेल तर तो इंग्रजी करून, कागदावर दिसतं तसं टाइप करायचं. मी शेजारी उभा राहतो आणि काही सांगत नाही. तो जिथे थांबून "दादा, हे एक आहे की एल?" असं विचारतो, तिथे मी लाल पेनाने गोल करतो.