फास्टिंग आणि पीपी: साखरेचे दोन वेगळे जबाब

रक्तातली साखर तपासायला गेलं की लॅबमध्ये दोनदा रक्त घेतात. एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवल्यावर दोन तासांनी. पहिल्याला सगळे फास्टिंग म्हणतात, दुसऱ्याला पीपी. अनेकांना दुसरी खेप कंटाळवाणी वाटते. फास्टिंग ९४ आलं, मग पुन्हा कशाला सुई टोचून घ्यायची? पण एखाद्याचं फास्टिंग ९४ आणि पीपी २२० असू शकतं, तर दुसऱ्या कुणी रात्रभर पोटात काही घातलेलं नसतानाही त्याचं फास्टिंग १४० येतं. साखर एकच असली तरी हे दोन आकडे मुख्यतः दोन वेगळ्या अवयवांचे जबाब असतात.

इन्सुलिन साखर उतरवतं आणि ग्लुकागॉन चढवतं, एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. त्यावरून असं वाटतं, की दोन्ही संप्रेरकं एकाच जागी एकमेकांविरुद्ध जोर लावत असावीत. प्रत्यक्षात इन्सुलिनचं निम्मं काम जिथे चालतं, त्या स्नायूंमध्ये ग्लुकागॉनचं कुणी ऐकतच नाही. दोघांचा खरा सामना यकृतात होतो. हे लक्षात आलं की वरचं कोडं सुटायला लागतं.

आधी हिशेब पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि साखरेची पातळी १०० असेल, तर त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे एक चहाचा चमचा. दोन-तीन पोळ्या आणि वाटीभर भात खाल्ला की पोटात ७०-८० ग्रॅम पिष्टमय पदार्थ जातात. ते पचून ग्लुकोज होऊन रक्तात उतरतात. एवढं सगळं रक्तातच राहिलं असतं, तर पातळी हजाराच्या पलीकडे गेली असती. निरोगी माणसात मात्र दोन तासांनी ती १४० च्या आत येते, कारण हे ग्लुकोज येत असतानाच उचललं जातं. यकृत त्यातला काही भाग साठवतं आणि उरलेल्यातला मोठा वाटा स्नायू घेतात.

ग्लुकोजला स्नायूच्या पेशीत आपणहून शिरता येत नाही. त्यासाठी पेशीच्या आवरणात ग्लूट-४ नावाचं वाहक प्रथिन लागतं. ते ग्लुकोजचं दार आहे असं समजा, पण हे दार नेहमी जागेवर नसतं. उपाशी असताना बहुतेक ग्लूट-४ पेशीच्या आत, इवल्याशा पिशव्यांच्या कातडीत रुतून पडून असतं. इन्सुलिन आलं की त्या पिशव्या वर सरकतात, पेशीच्या आवरणाला चिकटून त्यात मिसळून जातात आणि ग्लूट-४ पृष्ठभागावर येतं. १९८० साली दोन वेगळ्या प्रयोगशाळांनी चरबीच्या पेशींमध्ये हे स्थलांतर दाखवून दिलं. तोपर्यंत इन्सुलिन आधीच पृष्ठभागावर असलेल्या वाहकांचा वेग वाढवत असावं, हीही एक शक्यता मानली जात होती.

यातली गंमत अशी, की या कामासाठी इन्सुलिन पेशीच्या आत जात नाही. ते बाहेरच, आवरणात रोवलेल्या इन्सुलिन रिसेप्टरला चिकटतं. या रिसेप्टरचे दोन भाग बाहेर असतात आणि दोन आवरण भेदून आत उतरलेले असतात. आतले भाग किनेज आहेत. एखाद्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवणाऱ्या विकराला किनेज म्हणतात. फॉस्फेट बसलं की प्रथिनाचा आकार आणि वागणूक बदलते, त्यामुळे पेशी बरेचसे निरोप याच भाषेत पोचवते. बाहेर इन्सुलिन बसलं की रिसेप्टरचा आकार बदलतो आणि आतले दोन भाग आधी एकमेकांवरच फॉस्फेट चढवतात. तसं झाल्यावर रिसेप्टर जागा होतो आणि जवळच्या आयआरएस या प्रथिनावर फॉस्फेट बसवतो.

पुढे निरोप हातोहात जातो. आयआरएसला पीआय-३ किनेज येऊन चिकटतं. ते प्रथिनावर नव्हे, तर आवरणातल्याच एका स्निग्ध रेणूवर फॉस्फेट चढवतं. असे रेणू साचले की एकेटी नावाचं किनेज तिथे ओढलं जातं आणि तिथेच दुसरी किनेजेस त्याला चालू करतात. एकेटी हा या मार्गाचा नाका आहे. इथून स्नायूत एक महत्त्वाची वाट टीबीसी१डी४ या प्रथिनाकडे जाते. एरवी हे प्रथिन ग्लूट-४ च्या पिशव्यांना हलू देत नाही, कारण पिशव्या पुढे नेणाऱ्या रॅब प्रथिनांना ते बंद अवस्थेत ठेवतं. एकेटीने त्याच्यावर फॉस्फेट बसवलं की ते रॅबना सोडतं आणि पिशव्या निघतात. इन्सुलिन चिकटल्यापासून ग्लूट-४ वर येईपर्यंतचं हे सगळं काही मिनिटांत उरकतं.

या साखळीतली एकच कडी निकामी झाली तर काय होतं, याचं उत्तर ग्रीनलंडमध्ये सापडलं. तिथल्या इनुइट लोकांच्या जनुकांचा अभ्यास २०१४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. टीबीसी१डी४ च्या जनुकातला एक बदल तिथे सुमारे १७ टक्के प्रतींमध्ये होता. या बदलामुळे प्रथिन अर्धवट बनून थांबतं, पण फक्त त्याचं लांब रूप, जे मुख्यतः सांगाड्याच्या स्नायूंमध्ये असतं. इतर बऱ्याच अवयवांत छोटं रूप चालतं आणि ते शाबूत राहतं. आई आणि वडील दोघांकडूनही हा बदल आलेल्या लोकांना टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे १० पट होता.

रोखून धरणारं प्रथिनच गेलं, तर पिशव्या मोकळ्या सुटून साखर उलट कमी व्हायला हवी, असं कुणालाही वाटेल. पण या लोकांच्या स्नायूंचे तुकडे तपासले, तेव्हा त्यात ग्लूट-४ चं प्रमाणच घटलेलं निघालं. पिशव्या राखणाऱ्या प्रथिनावाचून ग्लूट-४ स्नायूत पुरेसं टिकत नव्हतं.

त्यांच्या रक्ताचे आकडे इथे सगळ्यात बोलके आहेत. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी त्यांची पातळी इतरांपेक्षा सरासरी ७० मिलिग्रॅमच्या आसपास जास्त होती. त्याच वेळी इन्सुलिनही जास्त होतं, म्हणजे स्वादुपिंड कामचुकारपणा करत नव्हतं. उपाशीपोटीची साखर मात्र वाढलेली नव्हती. ती इतरांपेक्षा किंचित कमीच होती. स्नायूंचं दार बिघडलं तर पीपी चढतं आणि फास्टिंग जागच्या जागी राहतं, हे याहून स्वच्छ दिसणं अवघड. अशा माणसाचं फक्त उपाशीपोटी रक्त तपासलं, तर त्याचा मधुमेह हाती लागणार नाही.

मग फास्टिंग कोण ठरवतं? ते काम यकृताचं. शेवटचा घास खाऊन सहा-सात तास झाले की आतड्यातून साखर येणं थांबलेलं असतं, पण मेंदूला ताशी सुमारे पाच ग्रॅम ग्लुकोज लागतच असतं. ते यकृत पुरवतं. यकृताच्या पेशीत ग्लूट-२ हा वेगळा वाहक कायम जागेवर असतो आणि ग्लुकोज त्यातून दोन्ही दिशांना जाऊ शकतं. म्हणून इथे प्रश्न दार उघडण्याचा नसून आत साठा करायचा की फोडायचा, हा असतो. ते ठरवण्यासाठी स्वादुपिंडाच्या अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात.

ग्लुकागॉनचा रिसेप्टर स्वतः किनेज नाही. तो आवरणाच्या आतल्या बाजूच्या एका विकराला चालना देतो आणि पेशीत सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू वाढतो. हा रेणू अर्ल सदरलंड यांनी यकृतावर काम करतानाच शोधला आणि त्या संशोधनासाठी १९७१ चं नोबेल त्यांना मिळालं. सायक्लिक एएमपी प्रोटीन किनेज ए ला जागं करतं आणि इथूनही पुढे फॉस्फेटच बसवलं जातं. साठलेलं ग्लायकोजेन फोडणारं विकर फॉस्फेट मिळाल्यावर चालू होतं, तर ग्लायकोजेन बनवणारं विकर फॉस्फेट मिळाल्यावर बंद पडतं. त्यामुळे एकाच आदेशात साठवण थांबते आणि फोड सुरू होते. इन्सुलिन याच पेशीत नेमकं उलटं करतं. एकेटीमार्फत ते साठवणीच्या विकरावर फॉस्फेट बसवणाऱ्या किनेजला गप्प करतं, बसलेलं फॉस्फेट निघून जातं आणि ग्लायकोजेन पुन्हा बनू लागतं.

स्नायूंमध्येही ग्लायकोजेन असतं, पण ग्लुकागॉनचा निरोप घ्यायला तिथे रिसेप्टर जवळजवळ नसतो. शिवाय ग्लुकोजला रक्तात परत सोडण्यासाठी लागणारं विकरही नसतं. स्नायूंनी घेतलेलं ग्लुकोज स्नायूंचंच. म्हणून साखर एकदम उतरून बेशुद्ध झालेल्या मधुमेहीला ग्लुकागॉनचं इंजेक्शन देतात, तेव्हा सगळी भिस्त यकृतातल्या साठ्यावर असते. फार वेळ उपाशी असलेल्या किंवा भरपूर दारू प्यायलेल्या माणसात तेच इंजेक्शन फारसं चालत नाही.

टाइप-२ मधुमेहात बहुतेकदा दोन्ही अवयव थोडेथोडे बिघडतात, आणि कशाचं प्रमाण जास्त यावर कोणता आकडा आधी चढतो ते बऱ्याच अंशी ठरतं. स्नायूंत आणि यकृतात नको तिथे चरबी साचली की रिसेप्टरपासून आयआरएसकडे जाणारा निरोप क्षीण होतो. यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं झालं आणि ग्लुकागॉन हवं तेवढं उतरलं नाही, की रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर बाहेर पडते. रात्री काही न खाता सकाळी आलेले १४० ते हेच. मेटफॉर्मिनचा मुख्य परिणाम यकृताच्या याच उत्पादनावर होतो. स्नायूंसाठी मात्र एक आडवाट उपलब्ध आहे. स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा इन्सुलिन रिसेप्टरला न विचारताही ग्लूट-४ पृष्ठभागावर येतं. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालल्याने पीपी उतरतं, त्यामागे हे कारण आहे.

मधुमेहाचं निदान उपाशीपोटी १२६ किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० या पातळीला होतं, आणि लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. एक आकडा ठीक आला म्हणून दुसरा गृहीत धरू नये. तपासणीला जाल तेव्हा दोन्ही वेळा रक्त द्या आणि दोन्ही आकडे डॉक्टरांपुढे ठेवा.