मित्राची ओळख, तीन ओळींत

पुण्यात हिंजवडीच्या किंवा खराडीच्या एखाद्या आयटी कंपनीत टेस्टिंगची जागा निघते. पोर्टलवर अर्ज येत राहतात आणि ज्या मॅनेजरला माणूस निवडायचा असतो, तो दोन मीटिंगच्या मधल्या वेळात सीव्ही चाळत असतो. अशात दुसऱ्या टीममधला एक सहकारी त्याला मेसेज पाठवतो : ‘माझी एक मैत्रीण आहे, खूप हुशार, मेहनती. टेस्टिंगमध्येच आहे. बघ ना, काही जमतंय का.’

मॅनेजरला सहकाऱ्याचा शब्द मोडायचा नसतो, म्हणून तो विचारतो, ‘किती वर्षांचा अनुभव? ऑटोमेशन येतं का?’ सहकारी मैत्रिणीला विचारतो, तिचं उत्तर संध्याकाळी येतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा पुढचा प्रश्न येतो, ‘कुठल्या जागेसाठी? आणि कधी येऊ शकेल?’ या निरोप्याच्या कामात दोनतीन दिवस जातात. तोवर मुलाखतीची यादी तयार झालेली असते.

हे टाळण्यासाठी तीन ओळींचा मजकूर लागतो आणि तो लिहायचा असतो ज्याला नोकरी हवी आहे त्याने. बहुतेकांची गल्लत इथेच होते. मित्राला सीव्ही पाठवला की आपलं काम संपलं असं वाटतं, आणि पाच पानांच्या सीव्हीतलं नेमकं काय सांगायचं हे ओळखण्याचं ओझं मित्रावर पडतं. तो मित्र दुसऱ्या कामात असतो आणि या क्षेत्रातला असेलच असंही नाही. म्हणून मजकूर तयार हवा आणि तृतीयपुरुषी हवा, म्हणजे एक शब्दही न बदलता पुढे पाठवता येतो. शिवाय तो वेगळ्या मेसेजमध्ये हवा. ‘अरे, तुझ्यासाठी लिहून ठेवलंय, आईची तब्येत कशी आहे’ अशा गप्पांच्या मधोमध असलेला मजकूर कोणी तसाच पुढे पाठवू शकत नाही.

वरच्या मैत्रिणीचंच उदाहरण पुढे नेऊ. तिने पहिला मसुदा लिहिला, त्यात मधली ओळ अशी होती : ‘बँकेच्या प्रकल्पाचं संपूर्ण ऑटोमेशन उभं केलं.’ तिच्या मित्राने पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारला, ‘संपूर्ण म्हणजे तू एकटीने?’ तेव्हा कळलं, की मूळ फ्रेमवर्क एका सिनियरने बांधलं होतं आणि तिने त्यावर टेस्ट लिहिल्या होत्या. ते कामही काही लहान नव्हतं, पण ते वेगळं काम होतं. सुधारलेला मजकूर असा झाला :

‘टेस्टिंगचा ६ वर्षांचा अनुभव, त्यातली शेवटची २ वर्षं सेलेनियम आणि जावा वापरून ऑटोमेशन, सध्या पुण्यात एका खासगी बँकेच्या पेमेंट प्रकल्पावर.

रिलीजआधीची जी तपासणी चार जण तीन दिवस हाताने करत, तिच्यातल्या सुमारे ३०० टेस्ट केस तयार फ्रेमवर्कवर तिने ऑटोमेट केल्या. ती तपासणी आता एका रात्रीत होते.

पेमेंट टीममधल्या ऑटोमेशन टेस्टरच्या जागेसाठी अर्ज केला आहे, जॉब आयडी सोबत; नोटीस पीरियड ९० दिवस, ६० वर येण्याची शक्यता.’

पहिली ओळ मॅनेजरला फोनच्या नोटिफिकेशनमध्येच दिसते. तिथे वर्षं, हत्यारं आणि क्षेत्र आलं की मेसेज उघडायचा की नाही हे तो ठरवतो. दुसऱ्या ओळीवर मुलाखतीत प्रश्न विचारता येतात : तीनशेपैकी किती केस वारंवार उगाच फेल व्हायच्या, आणि त्यांचं काय केलं? ‘मेहनती’ या विशेषणावर असा एकही प्रश्न निघत नाही. बँकेचं नाव जाणूनबुजून गाळलेलं आहे, कारण ग्राहक कंपनीचं नाव बाहेर न सांगण्याचा करार अशा नोकऱ्यांत बहुधा असतोच. तिसरी ओळ रुक्ष दिसते, पण आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्यांत तीन महिन्यांचा नोटीस पीरियड सर्रास असतो आणि मॅनेजरला माणूस पुढच्या महिन्यात हवा असतो. ही गोष्ट आधीच कळलेली बरी.

जॉब आयडीचंही तसंच. अनेक कंपन्यांत रेफरल पोर्टलवर नोंदवल्याशिवाय मॅनेजर मुलाखत लावूच शकत नाही. त्याच उमेदवाराचा सीव्ही आधी एखाद्या कन्सल्टन्सीकडून आलेला असेल, तर काही महिने तो तिच्याच नावावर राहतो. म्हणून मजकूर पाठवण्याआधी ‘यापूर्वी इथे अर्ज गेला आहे का?’ हे मित्राने विचारून घ्यावं. उमेदवाराची स्पष्ट परवानगीही घ्यावी. मॅनेजरांचं जग लहान असतं आणि नोकरी शोधत असल्याची बातमी सध्याच्या साहेबापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

या तीन ओळींच्या वर आणखी एक वाक्य लागतं, आणि ते मात्र उमेदवाराला लिहिता येत नाही. आपण या माणसाला कसे आणि किती ओळखतो हे पाठवणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं. इथे मित्राने लिहिलं : ‘आधीच्या कंपनीत आम्ही दोन वर्षं एका टीममध्ये होतो, तिचे बग रिपोर्ट मी रोज वाचायचो, परत विचारायची वेळ क्वचित यायची. ऑटोमेशनचं काम मी पाहिलेलं नाही.’

शेवटचं वाक्य लिहायला लोक कचरतात, त्याने मैत्रिणीचं नुकसान होईल असं त्यांना वाटतं. परिणाम बहुधा उलटा होतो. जे पाहिलं नाही ते नाही म्हणणाऱ्याचं ‘पाहिलं’ खरं मानलं जातं, आणि ऑटोमेशनची परीक्षा आपल्याला घ्यायची आहे हे मॅनेजरला कळतं.

ओळख थोडीच असणं हा काही कमीपणा नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावी नोकरी बदललेल्यांचा अभ्यास केला आणि १९७३ साली त्यावर गाजलेला लेख लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. उरलेल्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच व्हायची आणि त्या ओळखींत जुने सहकारीही होते. जवळच्या मित्राला जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळातली बातमी आणतो.

काय लिहू नये, हेही आपल्याकडे सांगावंच लागतं. गाव, घराणं, वडिलांचा हुद्दा, लग्न झालं आहे की नाही, हे सगळं ‘चांगल्या घरातली आहे’ अशा एका वाक्यातून सहज शिरतं. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भारतातल्या मोठ्या खासगी कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लेख लिहिला. गुणवत्तेची भाषा बोलणारे हेच अधिकारी उमेदवाराच्या कौटुंबिक पार्श्वभूमीला महत्त्व देत होते, आणि त्या चौकशीतून जात हळूच आत येत होती. ओळखीची वाट मुळातच आत पोचलेल्यांच्या गोतावळ्यातून जाते. मजकुरात निदान घराण्याची भर घालू नये. केलेलं काम आणि कधी येणार, एवढंच असावं.

मजकूर बरा झाला की नाही हे मॅनेजरच्या पहिल्या उत्तरावरून कळतं. ‘अनुभव किती?’ असं आलं तर पहिली ओळ पडली. ‘नेमकं काय केलं?’ असं आलं तर दुसरी. ‘कुठल्या जागेसाठी?’ असं आलं तर तिसरी. ‘गुरुवारी चारला बोलता येईल का तिला?’ असं आलं तर मधल्या माणसाने दोघांचे नंबर एकमेकांना द्यावेत आणि बाजूला व्हावं. नकार आला तर तो त्याच दिवशी मैत्रिणीला कळवावा, म्हणजे ती या जागेची वाट पाहत दुसरे अर्ज थांबवून ठेवणार नाही.