वॉचमन गेटवर होता की असावा?

समजा, एका सोसायटीत चोरी झाली आहे आणि मॅनेजरचा जबाब इंग्रजीत लिहून घेतला जातोय. 'द मॅनेजर इन्सिस्टेड दॅट द वॉचमन वॉज ॲट द गेट' असे लिहिले, तर वॉचमन त्या वेळी गेटवर होता, असे मॅनेजर ठासून सांगतो आहे. 'वॉज'च्या जागी 'बी' आले, तर त्याच वाक्यात मॅनेजर वॉचमनने गेटवर असावे असा आग्रह धरतो आहे. पहिल्या वाक्यात वॉचमनच्या बाजूने साक्ष मिळते. दुसऱ्यात फक्त मॅनेजरची मागणी कळते, वॉचमन खरोखर कुठे होता ते कळत नाही.

इंग्रजीच्या वर्गात 'ही', 'शी' आले की क्रियापदाला 'एस' लावा, हे इतके घोटून घेतलेले असते की 'ही इन्सिस्टेड दॅट शी कम' हे वाक्य पाहिल्यावर छपाईची चूक वाटते. 'शी कम्स' नाही, 'शी केम'ही नाही. पण इथे 'कम' हे मूळ रूप मुद्दामच ठेवलेले आहे. सजेस्ट, इन्सिस्ट, डिमांड, रेकमेंड यांसारख्या क्रियापदांनंतर 'दॅट' येऊन पुढे काय घडावे ते सांगायचे असेल, तर क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही आणि काळाप्रमाणेही बदलत नाही. आग्रह काल धरलेला असो वा उद्या धरायचा असो, 'कम' ते 'कम'च. या रूपाला सबजंक्टिव्ह म्हणतात.

मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. 'ती आली, असे त्याने ठामपणे सांगितले' आणि 'तिने यावे, असा त्याने आग्रह धरला' यांत आपण कधी गल्लत करत नाही, कारण 'यावे' हा विध्यर्थ कानाला स्वच्छ वेगळा लागतो. इंग्रजीत हा फरक एखाद्या 'एस'च्या नसण्यावर तोललेला असतो, म्हणून तो निसटतो. आपल्याकडे तो टाळण्याच्या नादात 'ही सजेस्टेड मी टू कम' असे सर्रास लिहिले जाते. 'टोल्ड मी टू कम' चालते म्हणून हेही चालेल असे वाटते. पण प्रमाण इंग्रजीत सजेस्टनंतर ही रचना बसत नाही. तिथे 'ही सजेस्टेड दॅट आय कम' असेच लिहावे लागते.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या रूपाला स्वतःचे प्रत्यय होते. पुढे शब्दांचे शेवट झिजत गेले आणि वेगळेपणाची खूण जवळजवळ पुसली गेली. 1926 साली इंग्रजी वापराचा प्रसिद्ध कोश लिहिणाऱ्या फाउलरने, काही ठराविक जागा सोडल्या तर सबजंक्टिव्ह मरणपंथाला लागला आहे, असे मत नोंदवले. अमेरिकेत मात्र उलटेच घडले. तिथे विसाव्या शतकात सजेस्ट, डिमांडनंतरचा हा प्रयोग चांगलाच बळावला. 1961 साली छापलेल्या अमेरिकी आणि ब्रिटिश मजकुराचे प्रत्येकी सुमारे दहा लाख शब्दांचे दोन संग्रह भाषाशास्त्रज्ञांनी ताडून पाहिले, तेव्हा अमेरिकी लेखनात बहुतेक ठिकाणी 'शी कम' आढळले, तर ब्रिटिश लेखनात 'शी शुड कम'चे वर्चस्व दिसले. त्यानंतर ब्रिटनमध्येही 'शी कम' वाढत गेले. म्हणजे जुन्या वळणाचा वाटणारा हा प्रयोग तिथे अमेरिकेच्या प्रभावाखाली परत आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ब्रिटिश इंग्रजीत 'शुड'खेरीज तिसरा मार्गही आहे: 'ही इन्सिस्टेड दॅट शी केम.' गोंधळ होतो तो इथे. ती आली होती असे तो ठासून सांगतोय, की तिने यावे म्हणून हट्ट धरतोय? मागचे-पुढचे वाक्य वाचल्याशिवाय सांगता येत नाही. बोलताना संदर्भ हाताशी असतो म्हणून निभावते. करारात किंवा जबाबात मात्र 'शुड कम' किंवा नुसते 'कम' लिहिणेच बरे. आपल्या शाळांतून ब्रिटिश वळणाचे 'शुड' शिकवले जाते आणि त्यात चुकीचे काहीच नाही.

अर्थात सबजंक्टिव्हही प्रत्येक वेळी मदतीला येत नाही. 'ही इन्सिस्ट्स दॅट दे कम हिअर एव्हरी संडे' या वाक्यात कर्ता अनेकवचनी आहे, तिथे 'एस' मुळात नसतोच. ते दर रविवारी येतात असा त्याचा दावा आहे की त्यांनी यावे असा आग्रह, हे रूपावरून कळत नाही. वाक्य नकारार्थी केले की मात्र फरक लगेच उघडा पडतो. दावा असेल तर 'दे डू नॉट कम' असे होते. आग्रह असेल तर 'डू' गळते आणि 'दे नॉट कम' एवढेच उरते.